धाकटीची गादी

केनियातल्या मसाई माराच्या गवताळ रानात दिवस कलला की तरसांच्या बिळापाशी जाग येते. पिल्लं बाहेर पडतात, एकमेकांच्या अंगावर लोळतात, कुठलं तरी जुनं हाड ओढत बसतात. अशा वेळी एखादा प्रौढ नर लांबून, जरा बिचकतच तिथे येतो. तेवढ्यात पाच-सहा महिन्यांचं एक पिल्लू मान ताठ करून त्याच्या दिशेने चार पावलं धावतं. नर वजनाने त्याच्या तिप्पट-चौपट असतो, त्याचा जबडा रेड्याचं हाड फोडू शकतो. तरी तो कान पाडतो, मान खाली घालून हलवतो, शेपूट पायांत घेतो आणि बाजूला होतो. आपल्या भाषेत ‘शेपूट घालणं’ हा वाक्प्रचार आहे, तरसांकडे ती रोजची रीत आहे. कुणी कुणापुढे शेपूट घातली एवढं टिपत गेलं की संपूर्ण कुळाची मानाची उतरंड कागदावर उतरते. माराच्या तालेक कुळातल्या अशा नोंदी लॉरेन्स फ्रँक यांनी १९७९ मध्ये सुरू केल्या, पुढे के होलकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार दशकांच्या पलीकडे नेल्या.

इथे एक खुलासा करायला हवा. पुणे-सोलापूरच्या माळरानांवर जो तरस दिसतो तो पट्ट्यांचा. तो बहुतेक वेळ एकटा हिंडतो, मेलेली जनावरं आणि गावाबाहेरचा टाकाऊ माल शोधतो. ठिपक्यांचा तरस ही वेगळी जात, आणि ती फक्त आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला आहे. तोही मेलेलं खातो, पण मुळात तो पक्का शिकारी. रानगवे, झेब्रे, हरणं तो स्वतः पाडतो. हान्स क्रूक यांनी १९६०च्या दशकात सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरोत रात्र-रात्र त्यांचा पाठलाग करून हे दाखवून दिलं. तोवर तरस म्हणजे सिंहाचं उष्टं खाणारा, असंच समजलं जात होतं. न्गोरोंगोरोत तर बऱ्याचदा उलटंच घडत होतं: शिकार तरसांची आणि ताव मारणारे सिंह.

या ठिपकेवाल्यांचं कूळ मोठं असतं. कधी वीस-पंचवीस, कधी ऐंशी-नव्वद, तालेकसारख्या ठिकाणी शंभराच्याही वर. सगळे एकत्र हिंडत नाहीत. दिवसभर कुणी एकटा, कुणी दोघे-तिघे असे विखुरलेले असतात आणि शिकारीवर, बिळापाशी किंवा हद्दीच्या भांडणात एकत्र येतात. कुळात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात त्या मादीच्या बाजूच्या घराण्या. मुली जन्मल्या तिथेच राहतात. मुलगे वयात आले की साधारण दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान घर सोडतात आणि दुसऱ्या कुळात जाऊन राहतात. म्हणजे कुळातले बहुतेक प्रौढ नर हे एका अर्थी घरजावई. आपल्याकडच्या घरजावयाला सासुरवाडीत निदान पंगतीत पाट तरी मिळतो. इथे तोही नाही.

पंगतीवरूनच सगळं समजून घेता येतं. झेब्रा पडला की हाकेच्या अंतरावरचे तरस धावत येतात. बघता बघता वीस-तीस जण जमतात आणि अर्ध्या तासाच्या आत तिथे रक्ताने माखलेलं गवत आणि कवटी एवढंच उरतं. एकेक प्रौढ तरस एका बैठकीत पंधरा किलोपर्यंत मांस पोटात घालतो. अशा घाईत जो आधी पोचला, जो तिथे टिकला, त्याचं पोट भरलं. सर्वांत वरची मादी आली की बाकीच्यांना सरकावं लागतं. तिची पिल्लं तिच्या कुशीला चिकटून खातात. खालच्या घराण्यातल्या मादीने स्वतः शिकार केली असली तरी तिला ती सोडून द्यावी लागते. ज्या आवाजाला आपण ‘तरसाचं हसू’ म्हणतो तो पुष्कळदा याच वेळी ऐकू येतो. तो आवाज दबलेल्या, हुसकलेल्या, खायला न मिळणाऱ्या जनावराचा असतो.

या भुकेचे परिणाम आयुष्यभर टिकतात. वरच्या घराण्यातली मुलगी अडीच वर्षांच्या आसपास पहिल्यांदा वितेते, तळाची मादी त्यासाठी चार-पाच वर्षांचीही होते. वरच्यांची पिल्लं लवकर वाढतात, लवकर दूध सोडतात, जास्त जगतात. तेव्हा रांगेतला क्रमांक म्हणजे किती पोरं मोठी होणार याचा आकडाच.

मग पहिला प्रश्न: या रांगेत माद्या वर का?

बरीच वर्षं याचं उत्तर शरीरात शोधलं गेलं, आणि शरीरही तसंच चकवणारं होतं. ठिपक्यांच्या तरसाच्या मादीचं बाह्य जननांग नराच्या लिंगासारखं लांब असतं. वेगळा योनिमार्ग बाहेरून दिसत नाही, लघवी, समागम आणि बाळंतपण सगळं त्याच चिंचोळ्या नळीतून होतं. पहिलटकरणीची त्यात फार दैना होते, बरीच पिल्लं वाटेतच गुदमरून मरतात. अशी मादी पाहिल्यावर कुणालाही वाटेल की हिच्या रक्तात नराचं संप्रेरक ओतप्रोत भरलेलं असणार, म्हणूनच ही अशी दिसते आणि म्हणूनच राज्य करते. हिशेब नीटनेटका होता, पण जुळला नाही. रक्त तपासलं तर टेस्टोस्टेरॉन प्रौढ माद्यांपेक्षा बाहेरून आलेल्या नरांत जास्त निघालं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात फ्रँक आणि स्टीफन ग्लिकमन यांनी केनियातून आणलेल्या पिल्लांपासून तरसांची एक वसाहतच वाढवली होती. तिथे गाभण माद्यांना नराच्या संप्रेरकांचा परिणाम रोखणारी औषधं देऊन पाहिली. पोटातल्या मुलींच्या अवयवाच्या घडणीत थोडा फरक पडला, पण अवयव तसाच लांब आला. म्हणजे हा अवयवसुद्धा केवळ त्या संप्रेरकाची करणी नव्हे. त्यावर राज्यकारभाराचा डोलारा उभारणं तर आणखी कठीण.

दुसरं उत्तर आकाराचं: माद्या मोठ्या, म्हणून वरचढ. खरं आहे, पण जेमतेम. मादी नरापेक्षा सरासरी दहाएक टक्के जड भरते. एवढ्या फरकावर पाच महिन्यांच्या पिल्लापुढे प्रौढ नराने का वाकावं, हे काही कळत नाही.

उत्तर मिळालं ते टांझानियात. न्गोरोंगोरो हे एका विझलेल्या ज्वालामुखीचं प्रचंड कुंड आहे, आणि त्याच्या तळावर तरसांची आठ कुळं राहतात. १९९६ पासून बर्लिनच्या लायब्निझ संस्थेचे संशोधक इथल्या प्रत्येक तरसाला त्याच्या ठिपक्यांवरून ओळखतात. कोण कुणाच्या पोटचा, कोण कुठून कुठे गेला, सगळं त्यांच्या वहीत असतं. ऑलिव्हर होनर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या नोंदींतून सातशेहून अधिक तरसांच्या चार हजारांवर आमनेसामने झालेल्या लढती तपासल्या. प्रत्येक जोडीसाठी त्यांनी एकच प्रश्न विचारला: या दोघांचं भांडण पेटलं, तर कुळातले किती जण याच्या बाजूने येतील आणि किती त्याच्या? नात्याचा तक्ता हाताशी असल्याने याचा अंदाज बांधता येत होता, कारण तरस आपल्या जवळच्या रक्ताच्या माणसाची, म्हणजे तरसाची, बाजू घेतो. आणि ज्याच्या पाठीशी जास्त जण उभे राहण्याची शक्यता, तोच बहुतेक वेळा जिंकला. नर की मादी, जड की हलका, यावाचून काही अडलं नाही.

यातली मेख अशी की पाठीराखे त्या क्षणी तिथे हजर असण्याचीही गरज नव्हती. दोघेच समोरासमोर आले तरी निकाल तोच. गावात एखाद्याचे चार भाऊ आहेत हे सगळ्यांना ठाऊक असलं की त्याच्याशी एकट्यानेही कुणी पंगा घेत नाही, तसंच हे.

आता माद्या वर का, हे उघड होतं. मादी जन्मभर आई, बहिणी, मावश्या, मुली यांच्या गोतावळ्यात राहते. नर परक्या कुळात पाऊल ठेवतो तेव्हा त्याचं तिथे कुणीही नसतं, शून्य. म्हणून तो प्रत्येक मादीच्या आणि प्रत्येक पिल्लाच्याही खाली. तपासायला पोटनियमही हाताशी आहे. काही नर घर सोडतच नाहीत, आईच्या कुळातच राहतात. असा घरचा नर आणि घरचीच मादी समोर आली तर मादीचं पारडं आपोआप जड होत नाही. ज्याचं घराणं वरचं तो जिंकतो, मग तो नर असला तरी. मादीराज्य हे माद्यांच्या स्वभावाचं फळ नसून मुलगे घर सोडतात याचं फळ आहे, असं मी म्हणेन.

मग मुलगे घर सोडतात तरी का? त्यांना कुणी हाकलत नाही. कारण पुन्हा माद्याच. त्या जननांगाच्या ठेवणीमुळे मादीच्या मर्जीशिवाय समागम होऊच शकत नाही, त्यामुळे निवड पूर्ण तिच्या हाती. न्गोरोंगोरोतल्याच २००७च्या अभ्यासात दिसलं की तरुण मादी शक्यतो असाच नर निवडते जो तिच्या जन्मानंतर कुळात आला किंवा जन्मला. बापाशी किंवा थोरल्या भावाशी जुगण्याचा धोका एवढ्या साध्या नियमाने टळतो. ज्या कुळात अशा तरुण माद्या जास्त, तिकडे नर जातो. मुलीचा हा नियम बापाला बरोबर बाजूला ठेवतो.

आता दुसरा प्रश्न, वारशाचा. पहिल्याचं उत्तर हाती असलं की हाही सुटतो, फक्त तो घडताना पाहण्यासाठी पुन्हा बिळापाशी यावं लागेल.

मादी बहुधा जुळी पिल्लं देते, आणि ती डोळे उघडे व दात आलेले अशी जन्मतात. पहिल्या काही दिवसांतच जुळी एकमेकांना चावून आपसातला क्रम ठरवून टाकतात. हा एक क्रम मात्र आईच्या हातात नसतो, कारण दोन्ही तिचीच. दोन-तीन आठवड्यांनी ती त्यांना सार्वजनिक बिळात आणते, जिथे कुळातल्या इतरही माद्यांची पिल्लं असतात. बिळाची आतली भुयारं इतकी अरुंद असतात की मोठा तरस किंवा सिंह आत शिरू शकत नाही. प्रत्येक आई फक्त आपल्याच पिल्लांना पाजते.

इथे आल्यावर सुरुवातीला पिल्लू कुणाशीही भांडतं. कधी जिंकतं, कधी हरतं, आईच्या क्रमांकाशी त्याचा फारसा संबंध दिसत नाही. मग आई शिकवू लागते, म्हणजे खरं तर आई फक्त मध्ये पडते. तिच्याहून खालच्या मादीचं पिल्लू तिच्या पिल्लाशी भांडू लागलं की ती धावून जाते आणि दुसरं पिल्लू पळतं. पण तिच्याहून वरच्या मादीचं पिल्लू समोर असेल तर ती जागची हलत नाही. हलली तरी उपयोग नसतो, कारण मग वरची मादीच येईल. पिल्लाच्या वाट्याला अशा दहा-वीस भांडणांतून एक ठाम अनुभव येतो: या अमक्यांपुढे मी जिंकतो, त्या तमक्यांपुढे हरतो. हळूहळू ते जिथे हरतं तिथे भांडणं सोडून देतं आणि जिथे जिंकतं तिथे आई नसतानाही पुढे सरसावतं. बरोबरीच्या पिल्लांत हा क्रम आठेक महिन्यांत बसतो. आईपेक्षा खालच्या प्रौढ माद्यांनी त्याला मान द्यायला लागायला मात्र दीड वर्षाच्या आसपास वेळ लागतो. बाहेरून आलेले नर तेवढेही थांबत नाहीत, ते फार आधीच वाकू लागतात. आरंभीचा तो नर आठवा.

शेवटी पिल्लू येऊन बसतं ते आईच्या लगेच खाली, आणि आपल्या थोरल्या भावंडांच्या वर. होय, वर. कारण भावंडांच्या भांडणात आई नेहमी धाकट्याच्या बाजूने उतरते.

हे एका कल्पित कुळात मांडून पाहू. वर राणी. तिला क्रमाने झालेल्या तीन मुली: थोरली, मधली, धाकटी. त्यांच्या खाली दुसरं घराणं, त्याची मुख्य मादी सोनी आणि तिची मुलगी. रांग अशी लागते: राणी, धाकटी, मधली, थोरली, मग सोनी, मग सोनीची मुलगी. आता मधलीला मुलगी झाली. ती मधलीच्या लगेच खाली बसणार, म्हणजे थोरली एक पायरी खाली. पुढच्या वर्षी धाकटीला दोन मुली झाल्या. त्या धाकटीच्या खाली, मधलीच्या वर. मधली दोन पायऱ्या उतरली, थोरली आणखी दोन, सोनी तर त्याहून खाली. कुणी कुणाला हरवलं नाही, एकही दात लागला नाही, तरी सोनी पाचव्या पायरीवरून आठव्या पायरीवर गेली. राणी म्हातारी होऊन मेली की बहुधा धाकटी तिच्या जागी बसते. आपल्याकडच्या वतनात थोरल्या पातीचा मान मोठा, इथे सगळं धाकट्या पातीकडे. आणि वरची पोटं भरलेली असल्याने वरून पोरं जास्त येत राहतात. खालच्या घराण्या कुणाच्याही पराभवाशिवाय हळूहळू आणखी खाली सरकतात, काही वेळा संपूनच जातात.

पण हा वारसा रक्तातून येत नाही कशावरून? धीट आईचं पिल्लू जन्मतःच धीट असेल. या शंकेत अगदीच तथ्य नाही असं नाही. तालेकमधल्या माद्यांच्या विष्ठेतली संप्रेरकं मोजली तेव्हा कळलं की गाभणपणाच्या उत्तरार्धात वरच्या माद्यांत नर-संप्रेरकांचं प्रमाण जास्त असतं, आणि त्यांची पिल्लं जास्त आक्रमक निघतात. स्वभावाचा शिधा असा आईकडून पोटातच मिळतो. मात्र जागा मिळते ती वेगळ्या वाटेने, आणि याचा जवळजवळ प्रयोगासारखा पुरावा सेरेंगेटीत सापडला. मरियन ईस्ट, हेरिबर्ट होफर आणि सहकाऱ्यांनी तिथे अशी पिल्लं पाहिली जी जन्मली एका मादीच्या पोटी आणि वाढवली दुसरीने. तरसांत दत्तक हा प्रकार फार दुर्मीळ, पण घडतो. ही पिल्लं मोठी झाली तेव्हा त्यांना जागा मिळाली ती पाळणाऱ्या आईच्या खालची. जन्मदात्रीचा क्रमांक कामाला आला नाही.

उलट बाजूही पाहायला मिळते. आपली जागा पक्की होण्याआधीच ज्याची आई मेली, ते पिल्लू बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा खाली घसरतं. जागा पक्की झाल्यावर आई गेली तर ती सहसा टिकते, कारण तोवर सगळ्यांना तिची सवय झालेली असते, आणि मावश्या-बहिणी आहेतच.

आईकडून केवळ क्रमांक येतो असंही नाही, तिची गोतावळी येते. तालेकच्या २७ वर्षांच्या नोंदी धरून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पिल्लाचा वावर ज्यांच्याबरोबर असतो ते बहुतांशी आईचेच सोबती असतात, आणि आई जितकी वरची तितकी ही नक्कल जास्त हुबेहूब. वरच्या मादीला कुणाशीही बसायची मुभा असते, पिल्लू तिच्या मागे-मागे राहून तिचीच माणसं आपली करतं. खालच्या मादीला वरच्यांपासून दूर राहावं लागतं. मग तिच्या पिल्लाला आपले सोबती इकडून तिकडून जमवावे लागतात.

ही रांग कधीच मोडत नाही का? मोडते, पण क्वचित. वयात आलेली एखादी मादी आपल्याहून वरच्या मादीवर उलटते. एकटी उलटली तर फसते. पण बहिणी, भाच्या किंवा नेहमीच्या सोबतिणी मिळून तुटून पडल्या तर एक-दोन पायऱ्या वर चढता येतं. तालेकच्या नोंदी दाखवतात की वर सरकणाऱ्या माद्या त्याच, ज्यांची आपल्या मुख्य साथीदारांशी युती पक्की असते. एक-दोन पायऱ्या म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण वर मांडलेला हिशेब पुन्हा करून पाहा: त्या पायऱ्या तिच्या मुलींना मिळतात, नातींना मिळतात, आणि दोन-तीन पिढ्यांत दोन घराण्यांमधलं अंतर रुंदावत जातं.

यामागे आणखी खोलातला एक प्रश्न उरतो: उत्क्रांतीने ही व्यवस्था तरसांतच एवढी टोकाला का नेली? होलकॅम्प यांचा तर्क जबड्यापाशी जातो. हाडं फोडणारी कवटी आणि तिचे स्नायू पूर्ण तयार व्हायला तरसाला कित्येक वर्षं लागतात, दूध सुटल्यानंतरही पुष्कळ काळ. तोवर पिल्लू पंगतीत मोठ्यांशी बरोबरी करूच शकत नाही. ज्या आया बाकीच्यांना हुसकून पिल्लासाठी जागा राखू शकल्या त्यांचीच पिल्लं जगली. सिद्ध करायला हा तर्क अवघड आहे, पण झेब्र्याभोवतीची ती झुंबड पाहिली की पटतो.

आता त्या राणीच्या मुलग्याचं. तीन वर्षांचा झाला की तोही घर सोडतो आणि शेजारच्या कुळात सर्वांत शेवटी जाऊन उभा राहतो. तिथे तो कुणाचा मुलगा याची कुणाला पर्वा नाही. आधी आलेल्यांच्या मागे वर्षानुवर्षं थांबायचं, पुढचा मेला किंवा निघून गेला की एक पाऊल सरकायचं. पण होनर आणि सहकाऱ्यांना २०१० मध्ये आढळलं की वरच्या माद्यांचे मुलगे लहानपणी झपाट्याने वाढलेले असतात, जिथे भविष्य चांगलं अशी कुळं ते बरोबर निवडतात, आणि खालच्या माद्यांच्या मुलग्यांपेक्षा लवकर बाप होतात. गादी त्याच्या मागोमाग हद्द ओलांडत नाही, आईच्या दुधावर पोसलेलं अंग तेवढं बरोबर जातं.